दुसरी अर्जदार

ज्या वकिलांकडे मी सात वर्षं काढली त्यांच्याबद्दल बेळगावात आजही लोक आदरानं बोलतात. मी बोलत नाही. गप्प बसतो, आणि लोकांना वाटतं मी भारावलोय.

माझे आई-वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबले. आम्ही बौद्ध. घराण्यात काळा कोट घालणारा मी पहिलाच. साहेबांनी मला ठेवून घेतलं ते मला कन्नड आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येत होतं म्हणून. त्यांचा स्वतःचा जन्म बेळगावातला, पण कन्नड येत नाही हे ते अभिमानानं सांगायचे. सरकारी हुकूम हातात आला की नाकावरचा चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे सरकवायचे.

त्या वर्षी, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, असाच एक हुकूम आला. वैद्यकीय कॉलेजातल्या सरकारच्या हातातल्या जागांपैकी काही जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी. हेतू लिहिला होता तो असा, की खेड्यांना डॉक्टर मिळावेत. आणि ग्रामीण कोण? ज्यानं दहावीची परीक्षा नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या शाळेतून दिली तो. बस्स, एवढंच.

हुकूम निघून महिना झाला नसेल, तोवर निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी मुलीला घेऊन ऑफिसात आले. मुलगी हुशार होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती निपाणीत, नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेत शिकली, म्हणून ग्रामीण धरली गेली नाही, आणि सर्वसाधारण यादीत थोडक्यात राहिली. बापाला मात्र हुकुमातल्या या एका कलमावर थांबायचं नव्हतं. मागासांच्या, दलितांच्या, सगळ्याच राखीव जागा उडवा म्हणाला. ती पोरं डॉक्टर झाल्यावर आपण औषध कुणाकडं घ्यायचं, असं माझ्यासमोर बसून विचारलं. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं. साहेब हसले.

मी तेव्हा एवढंच म्हणालो, "त्या जागांना घटनेतच आधार आहे. तिकडं हात घातला तर पहिल्या दिवशी अर्ज फेकतील. या एका कलमाबद्दल बोलू."

मग मी त्यांना घटनेचं चौदावं कलम, समानतेचं, समजावून सांगितलं. व्यापाऱ्याचं म्हणणं, समानता म्हणजे सगळ्यांना एकच माप. तसं नाही. सरकारला माणसांचे गट पाडता येतात, फक्त दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. एक, गटात कोण आणि बाहेर कोण हे ओळखण्यासारखा खरा फरक आहे का. दोन, त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी काही संबंध लागतो का. आमच्या हुकुमात पहिल्याला उत्तर होतं. खेडं आणि शहर यात फरक नाही असं कोण म्हणेल? सगळं दुसऱ्यावर होतं. दहावीला बाक कुठल्या गावातला होता यावरून तो पोरगा खेड्यात दवाखाना काढेल हे कसं ठरतं?

व्यापारी कंटाळला. पण त्याच बोलण्यात त्याच्या तोंडून निसटलं, की थोरल्या मुलाला त्यानं शेवटच्या एका वर्षापुरतं जवळच्या खेड्यातल्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं होतं आणि अशाच आधीच्या हुकुमाखाली तो डॉक्टरकीला लागलासुद्धा. मुलीला वसतिगृहात ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती राहिली. हे सांगताना त्याला काडीचीही लाज वाटली नाही. आपल्या पोराला ज्या भोकातून आत घातलं तेच भोक अन्याय्य आहे म्हणून तो कोर्टात चालला होता.

तो गेल्यावर मी साहेबांना म्हटलं, नुसत्या या मुलीवर हा खटला उभा राहणार नाही. न्यायाधीश विचारतील, हिचं काय बिघडलं? खरा अन्याय दुसरीकडे होता, आणि तो आमच्या दारात रोज सकाळी सायकलवरून यायचा. शहराबाहेरच्या कंग्राळी गावचे एक आप्पा साहेबांच्या घरी दूध घालायचे. त्यांची मुलगी त्याच वर्षी अर्ज करून राहिली होती. तिच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढं तीन वर्षं ती शेताच्या बांधावरून चालत शहरातल्या मराठी हायस्कुलात आली आणि दहावीची परीक्षा तिथूनच दिली. म्हणून सरकारच्या लेखी ती शहरी! जन्म खेड्यातला, राहणं खेड्यात, हातात म्हशीचं शेण, आणि शहरी. व्यापाऱ्याचा थोरला एका वर्षात ग्रामीण.

तिला दुसरी अर्जदार करायचं मीच सुचवलं. हे मला आजही विसरता येत नाही.

साहेबांना ते पटलं, कारण खटला पक्का होत होता. मी मसुदा लिहिला. मुख्य मागणी, हुकुमातलं हे कलम घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध म्हणून रद्द करावं. आणि त्याखाली पर्यायी मागणी, की रद्द करायचं नसेल तर ग्रामीण या शब्दात गावात राहून शहरातल्या शाळेत जाणाऱ्यांना धरावं आणि दुसऱ्या अर्जदाराचा त्या जागांसाठी विचार करावा. हीच एक ओळ तिच्या उपयोगाची होती. कलम नुसतं रद्द झालं तर ग्रामीण जागा सर्वसाधारण गुणवत्तेत जाणार, आणि तिथं तिचे गुण व्यापाऱ्याच्या मुलीपेक्षा कमी होते.

ती ऑफिसात येऊन मसुदा वाचून गेली. विज्ञान शाखेला असल्यानं इंग्रजी तिला येत होतं. पर्यायी मागणीच्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला विचारलं, "अण्णा, हे माझ्यासाठी न्हवं का?"

"व्हय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मसुद्यावर हात फिरवला आणि ती ओळ लाल पेन्सिलीनं खोडली. मी कारण विचारलं. म्हणाले, पर्यायी मागणी घातली की मुख्य मुद्दा लुळा पडतो. हे अर्धवट खरं होतं. संपूर्ण खरं असं, की ती ओळ टिकली तर जागा कंग्राळीला जाण्याची शक्यता होती आणि वकीलपत्र मुळात निपाणीचं होतं. दोन अशिलांचं हित एकमेकांविरुद्ध जात असेल तर एकाच वकिलानं दोघांचं काम घेऊ नये, हे मला माहीत होतं. साहेबांनाही होतं. टाईप केलेली प्रत आली, त्यात ती ओळ नव्हती. शपथपत्रावर सही करायला ती आली तेव्हा तिनं पुन्हा वाचलं नाही. समोर मी बसलो होतो ना.

हायकोर्ट बंगळूरला. तिथल्या एखाद्या वकिलाला द्यावं असं सगळेच सांगत होते, पण साहेबांना निकालपत्रात स्वतःचं नाव हवं होतं. पहिल्या तारखेला कोर्टानं ग्रामीण जागांतली एक जागा निकाल लागेपर्यंत रिकामी ठेवायचा हुकूम दिला. साहेबांनी व्यापाऱ्याला तार केली. कंग्राळीला मी जाऊन सांगितलं.

अंतिम सुनावणीला सरकारी वकील चांगला बोलला. गट पाडताना रेघ कुठंतरी ओढावीच लागते, ती दोऱ्यानं मोजल्यासारखी सरळ नसते, आणि कोर्टानं तिच्यात खुसपट काढू नये, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी त्याला एकच विचारलं. या जागेवर शिकलेल्यानं खेड्यात नोकरी करायची अशी काही अट आहे का? नव्हती. मग त्यांनी आमच्या अर्जातलं कंग्राळीच्या मुलीचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. तिच्या शाळेचं अंतर, गावच्या शाळेची शेवटची इयत्ता, सगळं. खटला तिथंच फिरला. साहेबांचं तासभराचं व्याख्यान बाजूला राहिलं.

मग न्यायाधीशांनी साहेबांकडे बघून विचारलं, "कलम रद्द झालं तर या दुसऱ्या अर्जदाराला काय मिळेल?"

साहेब म्हणाले, "समानता."

मी मागच्या बाकावर होतो. पुढं वाकून साहेबांच्या कानात एवढंच सांगायचं होतं की तिच्यापुरती पर्यायी मागणी घालू द्या, दुरुस्तीचा अर्ज आत्ता देतो. कोर्टानं परवानगी दिलीही असती. माझ्या मांडीवर मूळ मसुदा होता, लाल रेघेसकट. मी वाकलो नाही. साहेबांच्या नजरेत पडायची भीती, दुसरं काही नाही. त्यांचा मला जेवढा तिटकारा आहे त्याहून थोडा जास्तच त्या बाकावरच्या माणसाचा आहे.

निकाल आमच्या बाजूनं लागला. फरक ओळखता येतो पण हेतूशी त्याचा संबंध नाही, एका वर्षापुरता खेड्यात गेलेला आत येतो आणि आयुष्यभर खेड्यात राहिलेली बाहेर पडते, म्हणून कलम रद्द. ज्यांना आधीच प्रवेश मिळाले होते त्यांना आम्ही पक्षकार केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना धक्का नाही. राखून ठेवलेली जागा दोन अर्जदारांत गुणवत्तेनुसार द्यावी.

ती जागा अर्थातच निपाणीला गेली. व्यापाऱ्यानं ऑफिसात पेढे आणले आणि न्याय अजून जिवंत आहे असं म्हणाला. साहेबांनी दोन खाल्ले.

कंग्राळीला निकाल सांगायला साहेब गेले नाहीत. मी गेलो. आप्पा गोठ्यात होते. ते धार काढत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे आमचंच दाखवून जिंकला, व्हय?"

मुलगी दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही. "अण्णा, ती खालची ओळ कुठं गेली? मी वाचली तवा हुती."

साहेबांनी काढली, असं मी म्हणालो. ते खरं होतं आणि ते सांगताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे त्याहून वाईट.

"आणि तुमी?" तिनं विचारलं.

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. आप्पांनी मला चहा विचारला नाही आणि त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या वर्षी सरकारनं नवीन हुकूम काढला. आता ग्रामीण ठरायला गावात राहण्याची आणि शिकण्याची काही वर्षं आणि तहसीलदाराचा दाखला लागू लागला. शहरातल्या बऱ्या घरांतून असे दाखले भराभर निघाले. कंग्राळीच्या मुलीचं वर्ष तोवर गेलं होतं. ती बी.एस्सी. झाली, नंतर बी.एड., आणि बेळगुंदीकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. चांगलं शिकवते असं ऐकतो. निपाणीची डॉक्टरीण कोल्हापुरात स्थायिक झाली. खेड्यात दोघींपैकी कोण राहिली ते उघड आहे.

तो निकाल छापून आला. साहेबांचं नाव त्यात दोनदा आहे. दुसऱ्या अर्जदाराचं नाव छापणाऱ्यांनी गाळलं, "आणि इतर" एवढंच आहे. चौदाव्या कलमाच्या वादात तरुण वकील त्या निकालाचा दाखला अजून देतात, आणि एकदा एकानं माझ्याच विरुद्ध दिला. मी तो खटला हरलो. मला बरं वाटलं.