दरोडा ते गहाळ

कायद्याच्या परीक्षेत सरांनी एकच प्रसंग दिला होता. रस्त्यात एकाचा मोबाइल जातो. नकळत खिशातून काढला तर चोरी, धमकीला भिऊन त्यानंच दिला तर खंडणी, तिथंच गळ्याला चाकू लावून घेतला तर जबरी चोरी, आणि तसं करणारे पाच असले की दरोडा. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

पुढं पुसेगावच्या माझ्या मामांना खरंच पाच जणांनी अडवलं आणि चाकू लावून मोबाइल घेतला. मी वकिलीच्या ऐटीत त्यांना ठाण्यात नेलं.

"पाच लिहिले तर दरोडा होतो, मोठे साहेब येतात," अंमलदार म्हणाले. "नीट आठवा, चारच असतील."

मामांना चार आठवले. मग चाकू गेला, नुसती 'घरी येऊन बघून घेतो' अशी धमकी उरली. थोड्या वेळानं धमकीही गेली आणि मोबाइल बाजारात खिशातून नकळत निघाला. गळ्यावरचा ओरखडा दाढीचा ठरला.

"आता चोरीची तरी तकलीफ काहून घेता? गहाळ झाल्याचा अर्ज द्या."

अंमलदारांना अर्ज फार आवडला. अक्षर माझं होतं.