होडी परत आली, बरोबर?

मला रागीट म्हणतात. म्हणोत. मच्छीमार सोसायटीच्या हापिसात वीस वर्षं वही सांभाळायची, खलाशी, दलाल आणि साहेब तिघांशी बोलायचं, तर मऊ राहून चालत नाही.

आमचं हापिस रेवदंड्याच्या खाडीवर, बर्फाच्या फॅक्टरीला लागून. समुद्रावर कोण गेलंय, किती माणसं घेऊन गेलंय आणि कोण परत आलंय, ही वही माझी. मागल्या वर्षी साहेबांनी ती बंद केली. त्या जागी एक फोन नंबर आला. होडीवाल्यानं त्यावर फोन करायचा, पलीकडून यंत्रातली बाई मराठीत बोलणार, ऐकून घेणार, आपणच नोंद करणार. निघताना एक फोन, आल्यावर एक फोन, मध्ये काही झालं तरी फोन.

ते बसवायला पुण्याहून एक पोरगी आली होती. हुशार आणि गोड. मला काकू म्हणायची. पहिल्याच आठवड्यात माझं आणि तिचं वाजलं. आमच्याकडे एका होडीला मालकाच्या पणजीचं नाव आहे, जुन्या वळणाचं, आता कुणी पोरींना ठेवत नाही तसलं. यंत्रानं तिला सरळ देवी करून टाकलं. पोरगी म्हणाली, "काकू, जो शब्द त्यानं फारसा ऐकलेला नाही, त्याच्या जागी ते ओळखीचा शब्द बसवतं."

"म्हणजे आम्ही अनोळखी?" मी म्हटलं.

ती हसली, पण तिनं होड्यांची यादी माझ्याकडून मागून घेतली, यंत्राला शिकवली, आणि नावं बरीचशी जागेवर आली. तेवढं मी मान्य करते. मग साहेब म्हणाले, "लोकांना सांगा, जरा शुद्ध बोला. म्हणजे प्रश्नच मिटला."

मी म्हटलं, "साहेब, माणूस लाटेवर उभा आहे. तो व्याकरण बघेल की सुकाणू? मी कुणाला काही सांगणार न्हाय. ज्याला ऐकायचंय त्यानं शिकावं." साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

पोरगी म्हणाली, "काळजी करू नका काकू. चुकीचं ऐकलं तरी यंत्र शेवटी वाचून दाखवतं आणि विचारतं, बरोबर का? माणूस हो म्हणाला तरच नोंद होते." मला ते पटलं. त्याचाच मला आजही राग येतो.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी अचानक इशारा आला, वारा वाढणार, होड्या आत घ्या. साहेबांनी संगणकावर यादी उघडली आणि खुर्चीत मागे टेकले. "सगळ्या आत. शेवटची तुमच्या भावोजींची, बारा वाजता परत."

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासोबत तिघे जण होते, त्यात माझा नवरा.

मी खिडकीतून पाहिलं. जेटीवर माझी जाऊबाई रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. होडी आली असती तर ती अशी बसली असती का? मासळी उतरवताना तिचा आवाज फॅक्टरीच्या मोटारीवर चढतो. मी नवऱ्याला फोन लावला, भावोजींना लावला. दोन्ही बंद.

"साहेब, होडी आलेली न्हाय."

"अहो, त्यांनीच फोन करून सांगितलंय. यंत्रानं विचारलं, ते हो म्हणाले. हे बघा, पक्की नोंद." आणि त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्या क्षणी ते बोट मला मोडावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, "मला फोन ऐकवा. ऐकल्याबिगर मी हलणार न्हाय, आणि तुम्हालाही हलू देणार न्हाय." पोरगी त्या दिवशी हापिसातच होती. साहेब नियम सांगत होते, तोवर तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवलासुद्धा.

भावोजींचा आवाज आला, मागे वारा भणभणत होता. "इंजिन तापलाय. बारा वावात हाव, खडपाच्या भायेर. नांगर टाकलाय. दुरुस्त करून येताव."

आमच्याकडे पाण्याची खोली वावात मोजतात आणि पाण्याखालच्या खडकाळ पट्ट्याला खडप म्हणतात, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पडद्यावर यंत्रानं लिहिलं होतं, "इंजिन तपासलं. बारा वाजता आहे, खडकाच्या बाहेर. दुरुस्त करून आलो." सांगणारा माणूस संकटात होता, आणि लिहून घेणाऱ्यानं त्याला घरी पोचवून मोकळं केलं.

मग ती वाचून दाखवायची पाळी. यंत्रातली बाई म्हणाली, "आपली होडी..." आणि होडीचं नाव घेतलं, बरोबर घेतलं. भावोजी म्हणाले, "व्हय." बाई तिथंच थांबली. "धन्यवाद. आपली नोंद झाली आहे." फोन बंद.

पोरीनं तोंडावर हात ठेवला. "काकू, पुढचं वाक्य होतं, ‘परत आली आहे, बरोबर?’ माणूस मध्ये बोलला की यंत्र बोलणं तोडतं, उत्तर मिळालं असं धरतं. त्यांनी ते ऐकलंच नाही."

अगं बाई, आमच्यात समोरचा बोलत असताना गप्प बसणारा माणूस एक तर रुसलेला असतो नाहीतर झोपलेला. चार शब्द झाले की व्हय, आणखी चार झाले की व्हय. भावोजी तर भांडणातही समोरच्याला व्हय व्हय करत ऐकून घेतात आणि मग नको म्हणतात.

पण तेव्हा हे बोलायला वेळ नव्हता. मी वायरलेसचा माईक उचलला. साहेब म्हणाले, "माझ्या परवानगीशिवाय..." मी म्हटलं, "परवानगी उद्या द्या." शेजारच्या गावच्या दोन होड्या अजून आत येत होत्या, त्यांना मी सांगितलं, बारा वावात, खडपाच्या भायेर, इंजिन बंद, नांगरावर. मला कुणी परत विचारलं नाही. दोन्ही होड्या वळल्या.

ते दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. जाऊबाईला काही सांगितलं नाही, नुसती तिच्या शेजारी जाऊन बसले. दोर बांधून ओढत आणली होडी, वारा चढायच्या आत. चौघेही धड. नवरा उतरला आणि म्हणाला, "भूक लागलीय." मी त्याला तिथंच, चारचौघांत, शिव्या घातल्या आणि मग रडले.

पोरीनं आठवडाभरात ते बदललं. आता यंत्र वाक्य पुरं केल्याशिवाय उत्तर घेत नाही, आणि तोंडी होकारावर तर अजिबात जात नाही. होडी आत असेल तर एक दाबा, बाहेर असेल तर दोन. काही दाबलं नाही किंवा शब्द कळला नाही, तर फोन सरळ माझ्या टेबलावर वाजतो.

साहेबांनी मात्र अहवाल लिहिला. कारण : वापरणाऱ्याची चूक, न ऐकता होकार दिला. खाली माझी सही हवी होती. मी कागद परत सरकवला. त्यांनी भावोजींना बोलावून घेतलं, समोर उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही न ऐकता हो का म्हणालात?"

भावोजींनी टोपी काढून हातात घेतली. जन्मात कधी साहेबांपुढं आवाज चढवलेला माणूस नव्हे, तेव्हाही चढवला नाही.

"मी ऐकत व्हतो म्हनून तर व्हय म्हनालो, साहेब," ते म्हणाले. "त्या बाईला इचारा, ती ऐकत व्हती का?"