मैनाबाईची सायकल आणि दणकट जिमचा करार

गोंडपिपरीच्या मैनाबाईला सायकल चालवता येत नव्हती, आणि तरीही ती रोज दुपारी तासभर सायकल चालवायची. त्यासाठी तिनं वर्षभराचे पैसे आगाऊ भरले होते. हे ऐकून तिचा नवरा खुशाल तलावाच्या पाळीवर जाळं खाली टाकून हसला होता.

"जागच्या जागी सायकल चालवायले पैसे देते तू?" तो म्हणाला. "मले दिले असते तर मी तुले खाटेवर बसवून ढकललं असतं."

मैनाबाई ढिवराची बाई. पहाटे तलावावर, सकाळी बाजारात मासोळी विकायला, घरी आल्यावर स्वयंपाक, भांडी, नातवंडं. पन्नाशी उलटेपर्यंत तिला कोणी 'बस' म्हटलं नव्हतं. जो तो 'ऊठ' म्हणायचा. मग बसस्टँडजवळ दणकट जिम उघडली, दुपारी बायकांची वेगळी बॅच निघाली, आणि मैनाबाई पातळाचा काष्टा घालून कोपऱ्यातल्या सायकलवर बसली. पायडल फिरू लागलं की आज भाजी काय, वाढतेस केव्हा, असं तिला कोणी विचारायचं नाही. बायका खिदळायच्या, पंखा फिरायचा, आणि मैनाबाई कुठंही न जाता लांब लांब जाऊन यायची. या एका तासावर तिचा जीव जडला होता, हे सरळच सांगतो.

आणि एका दुपारी जिमच्या शटरला कुलूप. वर कागद चिकटवलेला: शाखा बंद, सर्व सभासदांना चंद्रपूर शाखेत वर्ग करण्यात आले आहे.

चंद्रपूर काय शेजारच्या गल्लीत आहे? एसटीनं जाता-येता अख्खा दिवस जातो. घाम गाळायला एवढ्या लांब जायचं, मग घरी येऊन घाम गाळायचा, हा हिशेब कोणत्या शहाण्यानं मांडला होता कोण जाणे. वर्षातले पाचच महिने झाले होते. खुशाल मात्र खूश झाला. "आता सायकलही गेली आन् पैसेही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. मैनाबाईला पैशांपेक्षा हे जास्त झोंबलं. हा माणूस जन्मभर बरोबर ठरणार, ही कल्पनाच तिला सहन होईना.

बॅचमधली रुपाली ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची. तिनं पावतीमागचा बारीक अक्षरातला करार वाचला आणि म्हणाली, "काकू, सभासदानं मनानं सोडलं तर फी परत नाई. पण शाखाच बंद झाली आन् आपण दुसऱ्या शाखेत जायले नाई म्हटलं, तर उरलेल्या महिन्यांची फी द्या लागते. आपण तर सोडलंच नाई. त्यायनं सोडलं."

झालं. अर्ध्या तिकिटात आठ बायका चंद्रपूरला निघाल्या. डब्यात वांग्याची भाजी, पिशवीत पावत्या, आणि बसमध्ये असा दंगा की कंडक्टरनं दोनदा विचारलं, लग्न कोणाकडचं आहे.

चंद्रपूरची शाखा पाहून आठही जणींचे डोळे दिपले. एसी, आरसे, आणि एका ओळीत नव्याकोऱ्या सायकली. मॅनेजर प्रफुल बोरकुटे पाणी घेऊन स्वतः पुढे आला.

"फी परत मिळत नाई, मावशी. पावतीवर लिवलं आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "पण तुमी एवढ्या दुरून आल्या. रिकाम्या हातानं काऊन जाता? आज आमच्याकडून एक दिवस व्यायाम करा. फक्त या थम मशीनवर बोट ठेवा, दार उघडते."

आता इथं रुपालीनं थांबवायला हवं होतं. पण एसीची हवा तिच्याही डोक्यात गेली होती, ती आरशात वेणी सारखी करत होती. मैनाबाईची नजर सायकलीवरून हलेना. भांडण नंतर करता येईल, असं सगळ्यांनी न बोलताच ठरवलं आणि रांग लावली.

सगळ्यांत आधी मैनाबाईनं बोट ठेवलं. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. तिनं पदरानं बोट पुसून ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. जन्मभर खवले काढून, जाळी ओढून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. रेशनच्या दुकानातही हेच व्हायचं. गोंडपिपरीत हजेरी रजिस्टरवर लागायची, म्हणून जिममध्ये कधी अडलं नव्हतं. मागच्या बायकांचीही तीच गत. कोणाची बोटं धानाच्या रोवणीत झिजलेली, कोणाची तेंदूपानं खुडण्यात. अंगठा झाला, करंगळी झाली, कोणी तर बोटावर थुंकी लावली. मशीन एकच वाक्य म्हणत राहिलं आणि बायका त्याच्याबरोबर सुरात म्हणू लागल्या. ट्रेडमिलवरचा एक जाडजूड गृहस्थ हसता हसता घसरून खाली आला.

शेवटी रुपाली उरली. तिचं बोट मऊ, कीबोर्डवरचं. ते मशीनपासून वीतभर अंतरावर असतानाच बोरकुटेचा धीर सुटला.

"एकीची तरी हजेरी लागू द्या," तो पुटपुटला. "तेवढं वर्ग झाल्याचं पक्कं होऊन जाते."

रुपालीचा हात हवेत थांबला. तिनं पावती उलटी केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि सगळ्यांत खालची ओळ मोठ्यानं वाचली: दुसऱ्या शाखेत एकदाही हजेरी लावल्यास वर्ग स्वीकारल्याचे समजले जाईल. ही ओळ तिनं घरी वाचलीच नव्हती. तिथं पावतीची घडी होती. तिनं हात मागे घेऊन पाठीशी बांधला.

मैनाबाई बोरकुटेच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. कोणी 'बस' म्हटलं नव्हतं.

"साहेब, मासोळी सडकी निघाली तर मी परत घेतो. तुमी तर मासोळी दिलीच नाई आन् वरून गळ टाकून राह्यले," ती म्हणाली.

बोरकुटेनं वरच्या ऑफिसचं नाव पुढं केलं. रुपाली म्हणाली, "मग आमी ग्राहक हेल्पलाइनले, एकोणीसशे पंधरावर तक्रार लावतो. नाईच झालं तर इथंच जिल्हा ग्राहक आयोग आहे. एवढ्याशा दाव्याले तिथं फीसुद्धा लागत नाई."

बोरकुटे बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. आठही जणींचे लेखी अर्ज घेतले, त्यांवर पोच दिली. करारात फी परत करायला तीस दिवसांची मुदत होती. ती संपायच्या आधी सात महिन्यांची फी सगळ्यांच्या खात्यात आली. सगळ्यांची पूर्ण, मैनाबाईची थोडी कमी.

कारण निघताना तिनं विचारलं होतं, "गोंडपिपरीच्या हॉलातल्या त्या फाटक्या सीटच्या सायकलचं काय करता?" ती चंद्रपूरला आणायचं भाडंच सायकलपेक्षा जास्त पडत होतं. बोरकुटेनं तिची किंमत फीतून वजा केली, अर्जावर तसं लिहिलं आणि मनात देवाचे आभार मानले.

आता सायकल मैनाबाईच्या अंगणात, बोरीच्या सावलीत आहे. दुपारी बॅच तिथंच भरते, मशीन एक आणि बायका आठ, त्यामुळे व्यायाम कमी आणि हसणं जास्त होतं. परवा ती बाजारातून जरा लवकर आली. अंगणात खुशाल लुंगी खोचून जोरजोरात पायडल मारत होता, जाळं कुडावर तसंच टाकलेलं. बायकोला बघून तो ओशाळला, पण पाय काही थांबले नाहीत.

"कुठी निघाले?" मैनाबाईनं विचारलं.

"आरमोरीले," तो धापा टाकत म्हणाला.

मैनाबाईनं टोपली उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि सायकलचं हँडल धरलं. "उतरा आता. माह्या बॅचची वेळ झाली. आन् मासोळी टोपलीत आहे, खवले काढून ठेवा."

खुशाल उतरला, आणि टोपली घेऊन चुलीकडे गेला.