काही घरी बोरं घालतात

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आमचं लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, गल्ल्या सुन्या, सगळे आपापल्या शेतात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ओळख असो नसो, आधी बूड टेकवायचं, मग पत्रावळ.

या सणाच्या आठवड्यात आमच्या साईटवर वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी असायची. मराठवाड्यातल्या घराघरांतले पदार्थ लिहायची आमची साईट. लिहिणाऱ्या आम्ही दोघी, मी लातूरची आणि आपा नांदेडची. माझं माहेर नांदेडचं, आपाचं घर भिंतीला लागून. माझं लग्न झालं तशी ती मला भाभी म्हणायला लागली. ती साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. पण बिर्याणीपासून आंबाड्याच्या भाजीपर्यंत तिला सगळं यायचं, आणि मोबाईलवर मराठी ती माझ्यापेक्षा झपाट्याने टाईप करायची. साईट जरा चालायला लागली तशी मीच तिला म्हटलं, मशीन बंद कर. पिकोनं तिचे डोळे अधू होत चालले होते. आपानं मशीन भाचीला दिली, आणि मी केवढं मोठं काम केलं असं मला वाटलं.

आमचा एक नियम होता. ज्या बाईचा पदार्थ, तिच्याच चुलीशी बसून शिकायचा. मुदखेड, बिलोली, शिरूर अनंतपाळ, जिथं कळेल तिथं एसटीनं जायचं. बाईनं मुठीनं काही घालायला घेतलं की आपा ती मूठ परातीत रिकामी करायची आणि काट्यावर तोलायची. बायका हसून बेजार व्हायच्या. ‘काय वं, माझ्या मुठीवर भरोसा न्हाई का?’ असं एक म्हातारी म्हणाली, तर आपा म्हणे, ‘तुमच्या मुठीवर हाय, लोकांच्या मुठीवर न्हाई.’ एसटीचं भाडं, गॅस, सामान आणि आम्हा दोघींचे चार पैसे हे सगळं जाहिरातींवर. वाचणारा पान उघडतो, जाहिरात दिसते, तेव्हा कुठं आमच्या पदरात काही पडतं. पान उघडलंच नाही तर सगळी मेहनत आमच्याच घरी.

भज्जीचं पान माझ्या सासूबाईंचं होतं. तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, ताकात कालवलेलं बेसन हे तर सगळेच घालतात. पण आमच्या शेतात विहिरीपाशी बोरीचं झाड आहे. भज्जी उतरवताना सासूबाई चार आंबट बोरं ठेचून टाकायच्या. का, तर झाड जवळ होतं म्हणून. तसंच लिहिलं होतं मी. सासूबाई गेल्या, पान राहिलं. पुण्यात, परदेशात असलेल्या लातूरच्या सुना ते उघडायच्या आणि खाली लिहायच्या, की घरची आठवण आली. मला ते वाचून फार बरं वाटायचं.

मग गर्दी आटायला लागली. आधी वाटलं, आपलंच काही बिघडलं. साईटच्या हिशेबाच्या पानावर दोन आकडे असतात, एक शोधात आपण किती वेळा दिसलो त्याचा आणि दुसरा किती जणांनी आत येऊन वाचलं त्याचा. दिसणं जिथल्या तिथं होतं, आत येणं मात्र उतरत चाललं होतं. मी स्वतःच मोबाईलवर भज्जी शोधली. सगळ्यात वर, कुठल्याही साईटच्या आधी, यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं. साहित्य, कृती, सगळं व्यवस्थित. कडेला बारीक लिंका, त्यात आमचीही एक. आणि शेवटी एक ओळ : काही घरी बोरंही घालतात.

माझं टाळकं फिरलं. काही घरी? एकाच घरी घालतात, आणि ती घालणारी बाई आता नाही! चुकीचं लिहिलं असतं तर भांडले तरी असते. बरोबर लिहिलं होतं, हेच जास्त लागलं. उत्तर बरोबर, तर आत कशाला कोण येईल?

आपाला फोन केला. ती म्हणाली, ‘भाभी, बंद नाय का करता येत?’ करता येतं. साईटमध्ये एक सूचना टाकली की आपला मजकूर त्या उत्तरात उचलत नाहीत. पण मग साध्या शोधातही आपल्या नावाखालच्या ओळी जातात, नुसतं नाव उरतं. तरी रागानं टाकली. दिवाळीपासून येळवशीपर्यंत आम्ही वाट पाहिली. उरलेसुरले वाचकही गेले, आणि वरचं उत्तर मात्र तसंच, बोरांसकट. आता त्याच्या कडेला दुसऱ्याच साईटची लिंक होती. त्यांनी आमचं पान कधीचं उचलून आपल्याकडं चिकटवलं होतं. मी सूचना काढून टाकली आणि तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

त्या येळवशीला आपा नांदेडहून आली, दरवर्षी यायची तशी. पुण्याची पुतणीही आली होती. तिनं हौसेनं घरून भज्जी करून आणली होती. चाखली, परत चाखली. सासूबाईंचीच चव.

‘बोरं घातलीस?’

‘हो काकू! मस्त लागतात ना?’

‘आपल्या साईटवर पाहिलंस का?’

‘साईट कशाला? वरच आलं की सगळं.’

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजीची भज्जी आजीच्याच नातीनं केली, आणि ती आजीची आहे हे तिला कळलं नाही. मी तिला उंडा वाढला, सणाच्या दिवशी पोरीचं तोंड कशाला उतरवायचं. आपानं मात्र तिला हाताला धरून विहिरीपाशी नेलं आणि झाड दाखवलं. ‘ही बघ, हितली बोरं. तुझी आजी घालायची. दुसरं कोनी न्हाई.’ पुतणीनं झाडाचा फोटो काढला.

जेवणं झाल्यावर आपा माझ्याशेजारी बसली. बांधावरून कोणी अनोळखी माणूस चालला होता, दिरानं हाक मारली, तो आला, जेवला, तृप्त होऊन गेला. आपा त्याच्याकडं बघत म्हणाली, ‘हा बसला तरी, भाभी. तिकडं मोबाईलवर लोक बांधावरूनच खाऊन जाऊन राहिले.’ आणि मग हळूच म्हणाली, ‘भाचीकडनं मशीन परत आनली मी.’

मला रडू आलं. मीच तिला सोडायला लावली होती. ‘डोळ्यांचं काय?’ म्हटलं. ‘चष्मा हाय की,’ म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. समजूत मी घालायची, तर ती माझीच घालत बसली.

साईट अजून आहे. एकटी मी तिच्यात काय लिहिणार? त्या मुठी तोलायला आपाच लागते. बिलोलीच्या एका म्हातारीकडं आम्हाला जायचं होतं, पण आता साईटवर एसटीचं भाडंही सुटत नाही. राज्याच्या सीमेपलीकडून आलेली एक चटणी फक्त तिलाच येते, असं ऐकलं होतं. मोबाईलवर शोधली तर तिचं कुठंच काही नाही, ना वरच्या उत्तरात, ना खाली. कोणी लिहिलंच नाही, तर यंत्र तरी कुठून आणणार!

परवा आपाचा फोन आला. मागं मशीनचा आवाज चालू होता. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मंग भाभी, बिलोलीला कधी जायचं?’

मशीनचा आवाज थांबला. मग तीच म्हणाली, ‘बरं, ठेवते. पिकोला बायका आल्यात.’