वाळलेलं बोट

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. बायको होती तेव्हा तोंड उघडलं नाही. आता ती नाही, तेव्हा कागदावर तरी खरं उतरवतो.

परंड्याच्या एसटी स्टँडवर ती पाण्याला गेली असताना बसची वेळ बघायला मी तिचा फोन काढला आणि तो हातून फरशीवर पडला. काच शाबूत होती. मी तो पुसून तिच्या पिशवीत ठेवला, बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला फोन उचलता येईना. हिरवं बटण खाली उजवीकडं यायचं. ती दाबायची, घासायची, रिंग वाजून थांबायची. लोहाऱ्याची तिची थोरली बहीण रोज दुपारी फोन करायची. दोघी कानडीत तासभर बोलायच्या, हसायच्या. मला अर्धंच कळायचं, पण ते ऐकत पडून राहायला बरं वाटायचं. माझ्या साध्या फोनवरून मी बहिणीला फोन लावून द्यायचो, पण माझे पैसे जातील म्हणून ती "जेवलीस का" एवढंच बोलायची.

"माझंच बोट वाळलंय," ती म्हणाली. मग ओल्या पदराला बोट पुसून बघायची.

मी फोन दुकानात नेला. दुरुस्तीवाल्यानं वरची गार्डची काच काढली, पडदा पुसला, फोन बंद करून चालू केला. मग माऊस जोडून टच तपासायची चौकटींची जाळी उघडली. बोट फिरेल तिथली चौकट हिरवी होत गेली. खालच्या कोपऱ्यातल्या काही पांढऱ्याच राहिल्या. फोन खोलून टचची पट्टी पुन्हा बसवली, तरी त्याच पांढऱ्या.

"चित्र चांगलं हाय, टच गेलाय," तो म्हणाला. "ह्याचा नुसता टच मिळतो, पूर्ण फोल्डर, म्हंजी डिस्प्लेसकट सगळं, नको. काच गरम करून काढताना डिस्प्लेला थोडा धोका असतो, बघा. फोन पडला व्हता का, बाबा?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यानं दबलेला कोपरा दाखवला.

टच बदलला तर दोष फोनचाच होता हे तिला कळणार, मग फोन कसा बिघडला हे विचारणार. मी फोन तसाच परत आणला.

"दुकानदार म्हणतो, फोन ठीक हाय."

"मग बोटच," ती म्हणाली.

बारा दिवसांनी दुपारी तीनदा रिंग वाजली. मी शेतात होतो. ती पदर ओला करून घासत राहिली. संध्याकाळी माझ्या फोनवर निरोप आला, बहीण गेली.

बहिणीचे दिवस झाल्यावर मी तिला न सांगता टच बदलून आणला. तिनं पडद्यावर बोट फिरवलं, सगळीकडं चाललं.

"आता बरं झालं का हो माझं बोट?"

मी होय म्हणून मान हलवली.

आता तीही गेली, दुपारी रिंग वाजत नाही. मी फोन चार्ज करून तिच्या खाटेवर ठेवतो. तिला सांगायचं एवढंच होतं: तुझं बोट चांगलं होतं गं, फोन माझ्या हातून पडला होता. मला माफ कर.