तीन ओळी आणि दोन ओळी

उत्तरेत, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो तेव्हा मी जवळच्याच एका शाळेत नववीला गणित शिकवायचे. सहामाहीच्या पेपरात ३००८२ आणि १००५७ यांचा मसावि विचारला होता. वर्गात शिकवलेली पद्धत अशी: मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, मग लहानीला बाकीने, बाकी शून्य येईपर्यंत. पहिली बाकी ९९६८, दुसरी ८९, तिसरी शून्य. म्हणजे उत्तर ८९. तीन ओळी.

मागच्या बाकावरच्या एका गप्प मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या. १००५७ गुणिले ३ बरोबर ३०१७१, आणि शेजारी ‘८९ ज़्यादा’. खाली, ८९ गुणिले ११३ बरोबर १००५७. उत्तर ८९.

मला वाटलं, उत्तर शेजारणीचं पाहिलं आणि वर काहीतरी जुळवलं. मी शून्य दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि बाकीच्या शिक्षिकांसमोर विचारलं, “किससे पूछा?”

“किसी से नहीं, मैडम. थोड़ा ज़्यादा लिया, फिर घटाया.”

“फिर से करके दिखाओ.”

तिने मुकाट्याने पुस्तकातल्या तीन ओळी लिहिल्या. मला तोच कॉपीचा पुरावा वाटला.

रविवारी पेपरांचा गठ्ठा टेबलावर पसरला होता. आमचे हे इंजिनियर. चहा पिता पिता त्यांनी तो पेपर उचलला.

“हिला शून्य का गं?”

“पद्धत चुकीची आहे. बाकी अशी काढतात का?”

“का नाही? दोन्ही संख्यांना जो भाग जातो, तो १००५७ च्या तिपटीलाही जातो. मग तिपटीतून ३००८२ वजा केल्यावर जे उरलं, त्यालाही जाणारच. उलटही तसंच. कमी पडलं काय, जास्त झालं काय, मसावि तोच. एक पायरी वाचवलीय पोरीने.”

मी पेन्सिलीने दोनदा करून पाहिलं. बरोबर होतं. चहा तसाच राहिला.

सोमवारी मी तिचे गुण वाढवले. वर्गासमोर फळ्यावर तिची रीत मांडली, “ग़लती मेरी थी,” असंही म्हणाले. मुली तिच्याकडे वळून बघू लागल्या. तिने मान वर केली नाही.

पुढच्या चाचणीत मी मुद्दाम तसंच गणित घातलं, वरच्या पटीने एका पायरीत सुटणारं. तिने तीन ओळींत सोडवलं होतं, एकेक भागाकार पट्टीने अधोरेखित करून.

तास संपल्यावर मी तिला दारात थांबवलं. “अपना वाला तरीक़ा क्यों नहीं लगाया?”

ती दप्तराचा पट्टा चाचपत राहिली. “आपवाले में डर नहीं लगता, मैडम.”

मी पूर्ण गुण दिले होते. दुसरं काय द्यायचं ते मला कळलं नाही.