थोरलीच्या पत्रातली तीन वाक्यं

माझी थोरली लेक जपानच्या एका इस्पितळात नर्स आहे. धाकटी बदनापूरला माझ्याजवळ राहते, तीही नर्सच, रोज जालन्याला ड्यूटीला जाते. तिलाही जपानला जायचं होतं. सोमवारी मोबाईलवर मुलाखत होती. पण तिचं एकच, आबा हो म्हणाले तरच देईन. मी काही म्हणत नव्हतो. बायको जाऊन सात महिने झाले होते, घरात बोलायला ही एकच.

अशात थोरलीचं पत्र आलं. फोनवर सांगितलेलं धाकटी विसरते, म्हणून हातानं लिहिलेलं. धाकटीनं मोठ्यानं वाचलं, तिकडच्या इस्पितळात रोज लागणारी तीन जपानी वाक्यं.

पहिलं, शित्सुरेइ शिमास. म्हणजे, त्रास देते, माफ करा. पेशंटच्या खोलीत शिरताना म्हणायचं, पडदा सरकवतानाही. पेशंट बेशुद्ध असला तरी.

"त्याला काय ऐकू येतंय?" मी म्हणालो.

"तरी म्हणायचं, आबा. ताईनं खाली रेघ मारलीय."

बायको इस्पितळात होती तेव्हा तिच्या पलंगाचा पडदा लोक न बोलताच ओढायचे. मीही तसाच ओढायचो.

दुसरं, ओत्सुकारेसामा. म्हणजे, दमलात, फार केलंत. सोबतच्यांना म्हणायचं, घरी निघालेल्याला तर हटकून. चाळीस वर्षं बायको स्वयंपाक करून उठली, मी पाणी मागितलं.

तिसरं, ओसाकी नी शित्सुरेइ शिमास. ड्यूटी संपली की मागे राहणाऱ्यांना सांगायचं, तुमच्याआधी जाते, माफ करा.

"जाते कशाला म्हणायचं? येते म्हणावं माणसानं," मी म्हणालो.

धाकटी हसायला लागली. "पुढं ऐका. ताईनं तेच केल्तं." पहिल्या आठवड्यात थोरली जपानीत 'जाऊन येते' म्हणून घरी गेली. तिकडं तसं म्हणणारा माणूस थोड्या वेळात खरंच परत येतो. हेडनर्स तासभर तिची वाट बघत बसली.

मला हसू आलं नाही. जाते की येते, बायकोनं काहीच म्हटलं नाही. मी चहा प्यायला खाली गेल्तो, वर आलो तर ती गेल्ती.

रविवारी धाकटी सराव करू लागली. मी हेडनर्स. ती दारात उभी राहिली, वाकली आणि तिसरं वाक्य बोलली.

"आबा, तुम्ही दुसरं म्हणायचं."

"मला येत न्हाई."

"कालपासून दहा वेळा ऐकलंय तुम्ही."

"म्हटलं तर तू जाशील."

"न्हाई म्हटलं तर न्हाई जाणार. बसेन इथंच, तुमचं तोंड बघत."

तिचा पाय उंबऱ्यावर होता. तिच्या आईचाही असाच असायचा, बाजाराला निघताना. तिलाही मी कधी काही म्हटलं नाही.

"ओत्सुकारेसामा," मी म्हणालो.

"बराबर," ती म्हणाली. "मंग देऊ मुलाखत?"

"पत्रात लिहिल्यासारखं केलं. आणखी काय करू?"

तिनं उंबऱ्यावरचा पाय काढला नाही. मी म्हणालो, "उद्या दे. आता चहा टाक, अजून तर तू हायेस."